जिल्ह्याची सरासरी आणि घरातला निर्णय

प्रश्न: पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी २०११च्या जनगणनेतून महाराष्ट्रातल्या ३५ जिल्ह्यांची साक्षरता आणि ०–६ वयोगटातलं हजार मुलग्यांमागे मुलींचं प्रमाण घेतलं. सहसंबंध धन आला, आणि नंदुरबार-गडचिरोली वगळल्यावर तो आणखी वाढला. म्हणून ‘शिकलेली कुटुंबं मुलगी नाकारत नाहीत’ असं लिहिलं, तर मार्गदर्शक म्हणतात ही इकॉलॉजिकल फॅलसी आहे. जिल्हे माणसांचेच तर बनलेले असतात, मग नेमकं चुकतंय कुठे?

उत्तर:

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. समूहाच्या सरासरीवरून त्या समूहातल्या एकेका माणसाबद्दल किंवा घराबद्दल निष्कर्ष काढणं, हीच इकॉलॉजिकल फॅलसी. आणि तुम्ही निवडलेला विषय असा आहे की चूक केवळ तांत्रिक राहत नाही. भारतात जिथे एकेका आईच्या बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या आहेत, तिथे तुमच्या वाक्याच्या उलट चित्र दिसलं आहे. त्याकडे शेवटी येतो. आधी तुमच्या तक्त्यात काय आहे आणि काय नाही, ते पाहू.

एका जिल्ह्यासाठी तुमच्याकडे दोन आकडे आहेत: किती टक्के लोक साक्षर, आणि मुलांमध्ये मुली किती. तुम्हाला हवा आहे तिसरा आकडा: शिकलेल्या आयांच्या मुलांमध्ये मुली किती. हा तिसरा आकडा जिल्ह्याच्या तक्त्यात कुठेच नाही. दोन बाय दोनचा चौकट-तक्ता काढलात तर हे लगेच दिसतं. ओळींत शिकलेली आई आणि न शिकलेली आई, स्तंभांत मुलगी आणि मुलगा. जनगणनेचा जिल्हानिहाय गोषवारा तुम्हाला फक्त कडेच्या बेरजा देतो. मधली चारही घरं रिकामी असतात, आणि तुमचं वाक्य त्या मधल्या घरांबद्दल आहे.

कडेच्या बेरजांवरून मधली घरं किती प्रमाणात ठरतात, हे मोजता येतं. डंकन आणि डेव्हिस यांनी १९५३ साली ही पद्धत मांडली. गणित शाळेतलं आहे. समजा एका जिल्ह्यात १,००० जन्म झाले. त्यातले ६०० दहावी किंवा पुढे शिकलेल्या आयांचे, ४०० त्याहून कमी शिकलेल्या आयांचे. एकूण मुली ४६०, मुलगे ५४०, म्हणजे हजारी ८५२. हा आकडा मुद्दाम निवडला आहे, कारण २०११ मध्ये सांगली आणि अहमदनगर यांचं बालकांमधलं प्रमाण याच्याच आसपास होतं. बाकीचे आकडे उदाहरणापुरते.

आता शिकलेल्या आयांना जास्तीत जास्त किती मुली झालेल्या असू शकतात? सगळ्याच्या सगळ्या, म्हणजे ४६०. कमीत कमी किती? न शिकलेल्या आयांची चारशेच्या चारशे अपत्यं मुली मानली, तर उरतात ६०. म्हणजे शिकलेल्या आयांच्या अपत्यांत मुलींचा वाटा १० टक्क्यांपासून जवळजवळ ७७ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतो, आणि प्रत्येक वेळी जिल्ह्याचा आकडा हजारी ८५२च राहील. निसर्गतः हा वाटा साधारण ४८.७ टक्के असतो (हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली). तुम्हाला दोन-तीन टक्क्यांच्या फरकाबद्दल बोलायचं आहे, आणि हाती आलेला पट्टा ६७ टक्के रुंद आहे. टोकाच्या शक्यता प्रत्यक्षात घडत नाहीत हे खरं. पण मधलं नेमकं काय घडलं, ते सांगणारी माहिती तक्त्यात नाही. ती आपण बाहेरून आणतो, आणि बहुतेकदा आपण ती आणली हे आपल्याला कळतही नाही.

हा पट्टा कधी अरुंदही होतो. त्याच जिल्ह्यात हजारांपैकी ९५० आया शिकलेल्या असत्या, तर त्यांच्या मुली ४१० ते ४६० यांच्यामध्येच बसल्या असत्या, म्हणजे ४३.२ ते ४८.४ टक्के. तेव्हा शिकलेल्या आयांबद्दल थोडंफार बोलता आलं असतं. उरलेल्या ५० आयांबद्दल मात्र शून्य ते शंभर टक्के, म्हणजे काहीच नाही. जिल्ह्याच्या आकड्यांवरून व्यक्तींबद्दल बोलायचा मोह झाला की आधी हा पट्टा काढावा. दोन मिनिटांचं काम आहे आणि बराच उत्साह वाचतो.

तुमच्या बाबतीत याच्याही आधीची एक अडचण आहे. जनगणनेतली साक्षरता सात वर्षांवरच्या सगळ्या लोकसंख्येची असते. त्यात आजोबा आहेत, शाळेत जाणारी मुलं आहेत, मुंबईत एकटा राहून काम करणारा अविवाहित तरुणही आहे. मुलींचं प्रमाण मात्र ०–६ वयाच्या बालकांचं आहे. ज्यांची साक्षरता मोजली ते आणि ज्यांनी मूल होऊ देण्याचा निर्णय घेतला ते, हे एकच लोक नाहीत. शिवाय ०–६चं प्रमाण फक्त जन्माच्या वेळचं नसतं; जन्मानंतर दगावलेली बालकं आणि आई-वडिलांबरोबर स्थलांतर केलेली बालकंही त्यात मिसळतात. म्हणजे वरच्या चौकट-तक्त्याच्या कडेच्या बेरजासुद्धा तुमच्याकडे नीट नाहीत. त्यासाठी निदान पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांचं शिक्षण हवं होतं.

आता तुमचा खरा आक्षेप: जिल्हे माणसांचेच बनलेत, मग जिल्ह्याजिल्ह्यांत दिसणारा कल माणसांत का दिसू नये? कारण एक जिल्हा दुसऱ्यापेक्षा वेगळा असण्याची कारणं आणि एकाच जिल्ह्यातलं एक घर दुसऱ्यापेक्षा वेगळं असण्याची कारणं निराळी असू शकतात. दोन काल्पनिक जिल्हे घेऊ, प्रत्येकी १,००० जन्मांचे.

‘अ’ जिल्ह्यात शिकलेल्या आया २०० आणि न शिकलेल्या ८००. शिकलेल्यांच्या अपत्यांत मुली ४४ टक्के, म्हणजे ८८. न शिकलेल्यांच्या अपत्यांत ४६ टक्के, म्हणजे ३६८. एकूण ४५६ मुली, हजारी ८३८.

‘ब’ जिल्ह्यात शिकलेल्या ८००, न शिकलेल्या २००. शिकलेल्यांच्या अपत्यांत मुली ४८ टक्के, म्हणजे ३८४. न शिकलेल्यांच्या अपत्यांत ५० टक्के, म्हणजे १००. एकूण ४८४ मुली, हजारी ९३८.

जिल्ह्यांचा तक्ता काय सांगेल? शिकलेल्या आयांचं प्रमाण २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं आणि मुली हजारी ८३८ वरून ९३८ झाल्या. यावरून रेषा ओढून दोन्ही टोकांना वाढवली (लिओ गुडमन यांनी १९५३ मध्ये मांडलेलं इकॉलॉजिकल रिग्रेशन नेमकं हेच करतं), तर उत्तर येतं: न शिकलेल्या आयांच्या अपत्यांत मुली ४४.७ टक्के, शिकलेल्यांच्या ४९.३ टक्के. म्हणजे शिक्षणाने मुली साडेचार टक्क्यांहून जास्त वाढल्या! प्रत्यक्षात दोन्ही जिल्ह्यांत शिकलेल्या आयांच्या अपत्यांत मुली दोन टक्क्यांनी कमी आहेत. ‘ब’ जिल्ह्यात सगळ्याच घरांत मुली जास्त जन्मतात, आणि योगायोगाने तिथे शिकलेल्या आयाही जास्त आहेत, एवढंच घडलं आहे. गुडमन यांच्या रेषेमागे एक अट असते: शिकलेल्यांचं वागणं सगळ्या जिल्ह्यांत सारखं, न शिकलेल्यांचंही सारखं. ती अट इथे मोडली आहे. पण मोडली की नाही, हे केवळ जिल्ह्यांचे आकडे पाहून ओळखता येत नाही; सगळी गोम तिथे आहे. रेषा सुंदर बसते, आर-वर्ग चांगला येतो, आणि दिशा उलटी असते. कधीकधी वाढवलेलं टोक शून्याखाली किंवा शंभरावर जातं, तेव्हा तेवढी चूक उघडी पडते. आपल्या उदाहरणात तेही झालं नाही.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट बघून ठेवा, कारण पुढे लागणार आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या आया एकत्र केल्या तर शिकलेल्यांच्या मुली ४७२, म्हणजे ४७.२ टक्के, आणि न शिकलेल्यांच्या ४६८, म्हणजे ४६.८ टक्के. आपण आता व्यक्तीच्या पातळीवरची माहिती वापरतो आहोत, तरीही दिशा चुकीचीच! आई कुठल्या जिल्ह्यातली हे विचारात न घेता सगळ्यांना एका पोत्यात घातलं की जिल्ह्यांमधला फरक पुन्हा आत शिरतो. त्यामुळे ‘व्यक्तीची माहिती मिळवली, प्रश्न मिटला’ असं नाही.

हे सगळं कागदी वाटत असेल तर ज्या अभ्यासाने हा दोष ठळकपणे दाखवला त्याकडे बघा. १९५० साली डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेचे आकडे घेतले. दहा वर्षांवरचे लोक, दोन प्रश्न: जन्म परदेशातला की अमेरिकेतला, आणि लिहिता-वाचता येतं की नाही. परदेशात जन्मलेले लोक १ कोटी ३२ लाख होते, त्यांतले सुमारे १३ लाख निरक्षर, म्हणजे ९.९ टक्के. अमेरिकेत जन्मलेले ८ कोटी ४० लाख, त्यांतले सुमारे २६ लाख निरक्षर, म्हणजे ३.१ टक्के. यात आश्चर्य काही नाही. इटली किंवा पोलंडच्या खेड्यातून आलेल्या मजुराला लिहिता-वाचता न येण्याची शक्यता जास्तच होती. व्यक्तींच्या पातळीवर परदेशी जन्म आणि निरक्षरता यांचा सहसंबंध आला +०.११८.

मग त्यांनी हेच राज्यांच्या पातळीवर केलं. प्रत्येक राज्यात परदेशी जन्माचे किती टक्के आणि निरक्षर किती टक्के, यांचा सहसंबंध आला −०.५२६. म्हणजे जिथे स्थलांतरित जास्त, तिथे निरक्षर कमी. चिन्ह उलटलं, आकारही चौपटीच्या वर गेला. फक्त राज्यांचा तक्ता हाती असलेल्याने बिनदिक्कत लिहिलं असतं की बाहेरून आलेले लोक स्थानिकांपेक्षा जास्त शिकलेले आहेत.

कारण साधं होतं. स्थलांतरित कामासाठी न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्ससारख्या औद्योगिक राज्यांत जात होते, आणि तिथले स्थानिक लोक चांगल्या शाळांमुळे आधीच साक्षर होते. दक्षिणेकडच्या राज्यांत स्थलांतरित फार थोडे. तिथली निरक्षरता स्थानिकांची होती, आणि त्यात वर्णभेदाच्या कायद्यांनी वेगळ्या, दरिद्री शाळांत ढकललेल्या कृष्णवर्णीयांचा वाटा मोठा होता. राज्यांचा सहसंबंध कोण कुठे राहायला गेलं हे सांगत होता. कोण शिकलं हे सांगत नव्हता.

रॉबिन्सन यांच्या लेखातला दुसरा धडा कमी सांगितला जातो, पण तुमच्यासाठी तो जास्त कामाचा आहे. त्यांनी राज्यं एकत्र करून जनगणनेचे नऊ विभाग घेतले, तेव्हा तोच −०.५२६ हा आकडा −०.६१९ झाला. कृष्णवर्णीय असणं आणि निरक्षरता यांच्या बाबतीत व्यक्तींच्या पातळीवर ०.२०३, राज्यांच्या पातळीवर ०.७७३ आणि विभागांच्या पातळीवर ०.९४६! इथे चिन्ह तेच राहिलं, पण आकडा फुगत गेला. सरासरी काढताना घराघरांतला फरक एकमेकांत विरून जातो आणि मोठ्या भूभागांचे ठळक फरक तेवढे उरतात. म्हणून तुकडा जितका मोठा, तितका सहसंबंध सहसा देखणा. तुमचेच आकडे तालुक्यांवर, जिल्ह्यांवर आणि महाराष्ट्राच्या सहा महसुली विभागांवर काढून बघा. तीन ठिकाणी तीन उत्तरं येतील, आणि त्यातलं कुठलंही एक ‘कुटुंबाचं’ उत्तर नसेल. इकॉलॉजिकल फॅलसी हे नाव मात्र रॉबिन्सन यांनी दिलेलं नाही. ते १९५८ मध्ये हॅनन सेल्विन यांनी रूढ केलं.

आता तुमच्या ३५ ठिपक्यांकडे. आलेख काढून प्रत्येक ठिपक्यावर जिल्ह्याचं नाव लिहा. उजवीकडे वर कोण आहेत? भंडारा आणि गोंदिया. साक्षरता ८४-८५ टक्क्यांच्या घरात आणि मुली हजारी ९५०, ९५६. सोबत नागपूर, अमरावती, रायगड. खाली कोण? बीड (साक्षरता सुमारे ७७ टक्के, मुली ८०७), जळगाव (७८ टक्के, ८४२), शिवाय जालना, औरंगाबाद, अहमदनगर. आणि नियम मोडून डावीकडे वर उभे आहेत नंदुरबार (६४ टक्के, ९४४) आणि गडचिरोली (७४ टक्के, ९६१). तुम्ही हेच दोन काढले आणि रेषा उभी झाली. पस्तीसपैकी दोन ठिपके काढल्याने निष्कर्षाचा जोर एवढा बदलत असेल, तर ती रेषा साक्षरतेबद्दल काय सांगते याचा आधीच संशय यायला हवा. हे दोन जिल्हे काढायला ‘ते वेगळे आहेत’ याखेरीज कारणही नाही. ते कशाने वेगळे आहेत, हाच तर प्रश्न आहे: नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के आणि गडचिरोलीत सुमारे ३९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे.

नावं लिहिलेला आलेख पाहिला की लक्षात येतं, तुमची रेषा मुख्यतः नकाशा आहे. पूर्व विदर्भ आणि कोकण वर. मराठवाड्याचा बराच भाग, खानदेशातलं जळगाव आणि सांगली-कोल्हापूरचा ऊसपट्टा खाली. या पट्ट्यांमध्ये साक्षरतेखेरीज कितीतरी गोष्टी वेगळ्या आहेत: जमीन आणि पैसा, हुंड्याची चाल, कुठले समाज किती संख्येने आहेत, सोनोग्राफी केंद्र किती जवळ आहे, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची अंमलबजावणी किती कडक आहे. त्या सगळ्यांचा ठसा एका साक्षरतेच्या आकड्यावर पडतो. तपासायचं असेल तर रिग्रेशनमध्ये महसुली विभागांसाठी पाच डमी चल टाका आणि साक्षरतेच्या गुणकाचं काय होतं ते बघा. त्यानेही उत्तर कुटुंबांबद्दल होणार नाही, पण आधीची रेषा कशाची होती ते कळेल. सांगली आणि कोल्हापूर दोन्हीकडे साक्षरता साडेएक्याऐंशी टक्क्यांच्या आसपास, रत्नागिरीत ८२. मुली मात्र ८५१, ८६३ आणि ९३६. साक्षरता जवळजवळ स्थिर ठेवूनही एवढा फरक राहतो.

आता सुरुवातीला म्हटलं ते. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फेऱ्यांमधले सुमारे अडीच लाख जन्म घेतले. त्यांनी प्रश्न फार नेमका केला: पहिलं अपत्य मुलगी असेल, तर दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे मुली किती? १९९० मध्ये ९०६, २००५ मध्ये ८३६. पहिला मुलगा असलेल्या घरांत अशी घसरण दिसली नाही. आणि घसरण दहा किंवा जास्त वर्षं शिकलेल्या आयांमध्ये आणि सधन घरांमध्ये अधिक होती. न शिकलेल्या आणि गरीब घरांमध्ये तशी नव्हती. शिकलेल्या घरात मूल एक-दोनवर थांबतं, तपासणीचा खर्च परवडतो, दवाखाना ओळखीचा असतो. हा अभ्यास सगळ्या भारताचा आहे, तो जसाच्या तसा महाराष्ट्रावर लावू नका. पण ‘साक्षरता वाढली की मुली वाढतील’ हे वाक्य किती धोक्याचं आहे, ते यातून दिसतं.

आणि समजा उलट झालं असतं, तुमचा जिल्ह्यांचा कल आणि घराघरांतला कल एकाच दिशेचे निघाले असते, तरी जिल्ह्यांचा तक्ता हा त्याचा पुरावा ठरला नसता. परीक्षेत चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आलं तर गुण का कापतात, तेच इथे.

प्रकल्प टाकून देण्याची मात्र गरज नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होतं, आणि त्याच्या कच्च्या, व्यक्तिनिहाय फायली संशोधनासाठी नोंदणी करून मिळवता येतात. जिल्ह्यांची दोन-चार पानी पत्रकं नकोत, तुम्हाला जन्मांची फाईल हवी. तिच्यात एका जन्माला एक ओळ असते. `b4` म्हणजे अपत्याचं लिंग (१ मुलगा, २ मुलगी), `bord` जन्मक्रम, `b0` जुळं आहे का, `v133` आईच्या शिक्षणाची वर्षं, `v190` संपत्तीचा पंचमांश, आणि पाचव्या फेरीत जिल्ह्यासाठी `sdist`. चौथ्या फेरीत जिल्ह्याच्या चलाचं नाव थोडं वेगळं आहे, तेव्हा आधी फाईलमधली लेबलं वाचा. `v133`मध्ये ‘माहीत नाही’साठी मोठे सांकेतिक आकडे असू शकतात, ते वगळले नाहीत तर ती आई अति-उच्चशिक्षित म्हणून मोजली जाते.

जन्मांची फाईल `br` या नावाने उघडली, की आर-मध्ये गाभा एवढाच:

```r
library(dplyr); library(lme4)

d <- br %>%
  group_by(caseid) %>%
  mutate(first_girl = any(bord == 1 & b4 == 2)) %>%
  ungroup() %>%
  filter(bord == 2, b0 == 0, first_girl, v133 < 90) %>%
  mutate(girl = as.integer(b4 == 2),
         edu10 = as.integer(v133 >= 10)) %>%
  group_by(sdist) %>%
  mutate(edu_d = mean(edu10)) %>%
  ungroup()

m <- glmer(girl ~ edu10 + edu_d + (1 | sdist),
           data = d, family = binomial)
```

यातल्या `edu10` आणि `edu_d` या दोन चलांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे. पहिलं त्या आईचं स्वतःचं शिक्षण, दुसरं तिच्या जिल्ह्यातल्या अशा आयांच्या शिक्षणाची सरासरी. दोन्ही एकत्र घातले की `edu10`चा गुणक एकाच जिल्ह्यातल्या शिकलेल्या आणि न शिकलेल्या आयांची तुलना करतो. `edu_d`चा गुणक सांगतो की आईचं स्वतःचं शिक्षण तेवढंच असताना जास्त शिकलेल्या जिल्ह्यात राहण्याने काय फरक दिसतो. आपल्या ‘अ’ आणि ‘ब’ जिल्ह्यांत पहिला ऋण आला असता आणि दुसरा धन. `edu_d` आणि `(1 | sdist)` हे दोन्ही गाळलंत तर घरांमधला आणि जिल्ह्यांमधला फरक एकत्र मिसळून पुन्हा ४७.२ विरुद्ध ४६.८ हाती येतं. नंतर संपत्ती, समाजगट, शहर-गाव हे चल घाला. सर्वेक्षणाचे भार आणि नमुन्याची रचना (`v005`, `v021`) विसरू नका. वरच्या छोट्या नमुन्यात ते मुद्दाम ठेवलेले नाहीत. जन्मही अलीकडचे, साधारण गेल्या दहा वर्षांतले घ्या. जुन्या बाळंतपणांच्या आठवणीत दगावलेली मुलं सांगायची राहून जातात, आणि त्यात मुली जास्त सुटण्याची भीती असते.

यात अडेल ते नमुन्याच्या आकाराशी, म्हणून आधीच सांगतो. ४७ आणि ४९ टक्के, असा दोन टक्क्यांचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात साधारण १०,००० जन्म लागतात. एका जिल्ह्यात ‘पहिली मुलगी, दुसरं अपत्य’ अशा नोंदी काही डझन भरतील. चाळीस नोंदींवर नुसती प्रमाणित त्रुटीच आठ टक्के असते. म्हणून ‘बीडमधल्या शिकलेल्या आया’ असा वेगळा निष्कर्ष या सर्वेक्षणातून काढू नका. फक्त महाराष्ट्र घेतला तरी आकडा अपुरा पडण्याची शक्यता मोठी. एकाहून अधिक फेऱ्या एकत्र कराव्या लागतील, किंवा देशभराची माहिती घेऊन महाराष्ट्रासाठी वेगळा गुणक काढावा लागेल. जिल्हापत्रकात छापलेलं जन्माच्या वेळचं लिंगगुणोत्तरही याच कारणाने बेभरवशाचं: पाचशे जन्मांवर त्याची ९५ टक्के मर्यादा साधारण अधिक-उणे १६० इतकी येते. ८६० आणि ९४० हे अशा पत्रकातले दोन जिल्हे वेगळे आहेत असं म्हणताच येत नाही. तुम्ही जनगणनेचे आकडे घेतलेत ते त्या दृष्टीने शहाणपणाचंच झालं.

व्यक्तिनिहाय काम वेळेत बसणार नसेल, तर जिल्ह्यांचं विश्लेषण तसंच ठेवा आणि प्रश्न जिल्ह्याचा करा. जिल्हा हे खरं प्रशासकीय एकक आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे समुचित प्राधिकारी तिथे बसतात, सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी तिथे होते. ‘नोंदणीकृत केंद्रांची घनता आणि बालकांमधलं मुलींचं प्रमाण’ हा जिल्ह्याबद्दलचा रास्त प्रश्न आहे, आणि तिथे जिल्ह्याचा आकडा वापरण्यात काही गैर नाही. रॉबिन्सन यांच्या लेखावर हर्बर्ट मेंझेल यांनी १९५०मध्येच हा मुद्दा मांडला होता: भूभागांमधले सहसंबंध भूभागांबद्दल म्हणून वाचले तर उपयोगी असतात. उलट दिशेची चूकही होते, हेही ध्यानात ठेवा. घराघरांत शिक्षणाचा गुणक ऋण आला म्हणून ‘जास्त शिकलेल्या जिल्ह्यात मुली कमी असणार’ असं म्हणणं तेवढंच चूक. तुमच्याच आलेखातले भंडारा-गोंदिया ते खोडून काढतात.

प्रबंधातलं वाक्य असं करता येईल: ‘२०११मध्ये महाराष्ट्रातल्या अधिक साक्षर जिल्ह्यांत ०–६ वयोगटातलं मुलींचं प्रमाण किंचित जास्त आढळतं; हा संबंध नंदुरबार आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या समावेशाने बराच बदलतो आणि त्याची प्रादेशिक रचना ठळक आहे. कुटुंबाचं शिक्षण आणि मुलगी नाकारणं यांच्या संबंधाबद्दल या आकड्यांवरून काही सांगता येत नाही.’ सहसंबंध दोन्ही प्रकारे छापा, दोन जिल्हे धरून आणि वगळून, आणि नावं लिहिलेला आलेख शेजारी द्या. मर्यादांच्या शेवटच्या परिच्छेदात इकॉलॉजिकल फॅलसीचा उल्लेख करायचा आणि निष्कर्षात मात्र ‘शिकलेली कुटुंबं’ लिहायचं, असा प्रकार पुष्कळ प्रबंधांत दिसतो. परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात. निष्कर्षाच्या प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासा. तक्त्याची ओळ जिल्ह्याची असेल तर कर्ताही जिल्हाच हवा.